आजोबा स्वर्गात गेले, मग हा नैवेद्य कुणाला?

माझे वडील गेल्या वर्षी गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगेच्या स्मशानभूमीत रक्षाविसर्जन होतं, शेणींची राख अजून आतून कोमट होती, वरनं दूध-पाणी शिंपडलं, रक्षा गोळा केली आणि बाजूला केळीच्या पानावर नैवेद्य ठेवून सगळे मागं सरकून उभे राहिलो, कावळ्याची वाट बघत. कावळे होते की समोर, पत्र्यावर पाच-सहा बसलेले, पण खाली एकपण येईना. कुणी म्हणलं पेन्शनचं काम अर्धवट राहिलंय त्यात जीव अडकला असंल, कुणी म्हणलं धाकट्याचं लग्न. मग थोरल्या काकांनी हात जोडून "सगळं बघतो आम्ही, काळजी करू नका" असं मोठ्यानं सांगितलं.

माझी भाची नववीत आहे. ती माझ्या शेजारीच उभी होती, तिनं हळूच विचारलं, "मामा, आजोबा स्वर्गात गेले ना?"

म्हणलं व्हय.

"मग हे जेवण कुणाला?"

त्यांनाच, म्हणलं.

"आणि आजी म्हणती ते आपल्याच घरात परत जन्माला येणार. मग स्वर्गात कोण आहे, इथं जेवायला कोण येणार आहे, आणि परत जन्मणार कोण?"

मी तिला गप्प बस म्हणलो नाही पण उत्तरही दिलं नाही, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. कारण पोरगीचं बरोबर होतं. आपण मोठी माणसं पोरांना मरणाबद्दल एकाच दमात चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतो आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत हे आपल्याला कळतपण नाही. गावातल्या चौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स बघा. नावामागं कै. म्हणजे कैलासवासी, म्हणजे शंकराच्या घरी. माळकरी असंल तर वै., वैकुंठवासी. खाली लिहिलेलं असतं "मृतात्म्यास चिरशांती लाभो", आणि कुणीतरी व्हॉट्सअपवर टाकतं "ईश्वर त्यांना मोक्ष देवो". लिंगायत घरात लिंगैक्य झाले म्हणतात, मुसलमान घरची बातमी पेपरात पैगंबरवासी म्हणून येते. आपण हे सगळे शब्द "वारले" याचीच आदराची रूपं म्हणून वापरतो. ती तशी नाहीत. प्रत्येक शब्दामागं माणूस मेल्यावर काय होतं याचा एक अख्खा वेगळा हिशोब आहे, आणि पंधरा वर्षांच्या पोरानं विचारल्यावर तो हिशोब नीट सांगायला पाहिजे, "मोठी झालीस की कळंल" हे उत्तर नव्हे, कारण मोठे झालेल्या आपल्याला तरी कुठं कळलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्वर्ग, नरक आणि मोक्ष ही एकाच जिन्याच्या पायऱ्या नाहीत. पोरांना वाटतं नरक तळमजला, स्वर्ग पहिला मजला आणि मोक्ष गच्ची. तसं नाही. स्वर्ग-नरक हे एका प्रश्नाचं उत्तर आहे, मोक्ष दुसऱ्याच प्रश्नाचं, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की भाचीसारखा गोंधळ होतो.

गंमत म्हणजे हा गोंधळ पहिल्यांदा एका पोराचाच झालाय, आणि तो छांदोग्य उपनिषदात नोंदवलेला आहे. श्वेतकेतू नावाचा मुलगा, बाप मोठा विद्वान, बापाकडंच शिकलेला. तो पांचालांच्या राजाच्या सभेत जातो, राजाचं नाव प्रवाहण जैवलि. राजा विचारतो, वडिलांनी शिकवलं का तुला? हा म्हणतो हो. मग राजा पाच प्रश्न टाकतो. माणसं मेल्यावर इथनं कुठं जातात, माहितीय? नाही. परत कशी येतात? नाही. दोन वाटा कुठं फुटतात? नाही. आणि चौथा प्रश्न मला फार आवडतो, तो असा की एवढी माणसं कायम मरत असतात तर ते पलीकडचं जग भरून का जात नाही? नाही माहीत. पाचवा प्रश्न पाण्यापासून माणूस कसा होतो याचा, त्यालाही नाहीच. राजा म्हणतो, मग शिकलो म्हणून कशाला सांगतोस? पोरगं तसंच घरी येतं, बापावर चिडतं, म्हणतं न शिकवताच मला शिकवलं म्हणालात. आणि बाप काय म्हणतो? बाप म्हणतो, बाळा यातलं एकपण मला माहीत नाही, असतं तर तुला सांगितलं नसतं का. आणि तो म्हातारा माणूस उठतो आणि राजाकडं विद्यार्थी म्हणून जातो.

राजाचं उत्तर मी भाचीला जसं सांगितलं तसं इथं लिहितो. दोन वाटा आहेत. जे यज्ञ, दानधर्म, विहिरी-तलाव असली पुण्याची कामं करतात ते धुराच्या वाटेनं जातात, धुरातनं रात्रीत, रात्रीतनं कृष्णपक्षात, तिथनं दक्षिणायनाच्या सहा महिन्यांत, मग पितरांच्या लोकात आणि शेवटी चंद्रावर. तिथं पुण्य आहे तोवर राहायचं. संपलं की आल्या वाटेनं खाली, आकाश, वारा, धूर, ढग, मग पावसाबरोबर जमिनीवर, आणि जमिनीतनं भात, जव, तीळ, उडीद होऊन उगवायचं. ते धान्य कुणीतरी खातं आणि त्यातनं परत जन्म. ही झाली जा-ये करायची वाट. दुसरी वाट उजेडाची, ज्यांनी रानात राहून श्रद्धेनं तप केलं, हे ज्ञान मिळवलं त्यांची, ती दिवसातनं, शुक्लपक्षातनं, उत्तरायणातनं पार ब्रह्मापर्यंत जाते. आणि जे दोन्ही वाटांना लागत नाहीत ते किडामुंगी होऊन जन्मत-मरत राहतात, "जन्म आणि मर" एवढंच त्यांचं. म्हणूनच, राजा म्हणतो, ते जग भरत नाही. तिथं कुणी मुक्कामाला जातच नाही, सगळे पाहुणे.

भाची म्हणाली, "म्हणजे स्वर्ग रिचार्ज संपेपर्यंतच."

अगदी तेच. गीतेच्या नवव्या अध्यायात हेच आहे, "क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति", पुण्य झिजलं की माणसं परत मर्त्यलोकात येतात. आणि ज्ञानेश्वरांनी याच्यावर 1290 साली जे लिहून ठेवलंय ते वाचलं तर स्वर्गवासी शब्द वापरायला जीभ अडखळते. ते म्हणतात पुण्याची पाउटी सरे, सवेंचि इंद्रपणाची उटी उतरे. पाउटी म्हणजे पायरी. उटी म्हणजे अंगाला लावलेला चंदनाचा लेप. इंद्र होणं म्हणजे अंगाला उटी लावून घेणं, वास येतो, गार वाटतं, आणि वाळली की गळून पडते, खाली तोच माणूस. त्याच्याही पुढं जाऊन स्वर्ग मिळवून देणाऱ्या पुण्याला ते "पुण्यात्मक पाप" म्हणतात, आणि नरकात नेणाऱ्याला पापात्मक पाप. दोन्ही पापच, कारण दोन्ही परत फिरवून आणतात. सातशे वर्षांपूर्वी एवढं रोखठोक आपल्याच भाषेत सांगून ठेवलंय आणि आपण अजून आशीर्वाद म्हणून स्वर्ग वाटतोय.

मग नैवेद्याचं काय? खरं सांगायचं तर पितरांना जेवण घालणं ही जुनी समजूत, पुनर्जन्माचा विचार पक्का होण्याच्या आधीपासूनची. वेदातली माणसं मेल्यावर यमाच्या राज्यात आपल्या पूर्वजांत जाऊन बसतात, आणि मागचे त्यांना अन्न पोचवतात. पुनर्जन्म आला तेव्हा ही पद्धत कुणी टाकली नाही, वरनं नवीन मजला चढवला. गरुडपुराणात दोन्ही शिवून घेतलेत, पहिले दहा दिवस रोजच्या पिंडानं मेलेल्याचं एकेक अंग तयार होतं, मग वर्षभर यमाच्या गावापर्यंत चालणं, आणि बाराव्या दिवसाच्या सपिंडीकरणानं तो प्रेताचा पितर होतो. आणि आधीच जन्मला असंल तर? त्यालाही पुराणांत उत्तर आहे, तो देव झाला असंल तर श्राद्धाचं अन्न त्याला अमृत म्हणून पोचतं, जनावर झाला असंल तर गवत म्हणून. म्हणजे भाचीचा प्रश्न त्यांनाही पडला होता. चार्वाकांनी तर सरळ विचारलंय की इथं घातलेलं जेवण मेलेल्याला पोचतं तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता, घरीच वाढा की. मला यातलं कुठलं उत्तर पटतं यापेक्षा ही भांडणं आपल्याच घरातली आहेत हे पोरांना माहीत असणं मला मोलाचं वाटतं. प्रश्न विचारला म्हणजे धर्म बुडाला असं होत नाही.

आता नरक. इथं मला जरा कडक बोलायचंय.

भागवताच्या पाचव्या स्कंधात 28 नरक आहेत, तामिस्र, रौरव, कुंभीपाक असे, आणि कुठल्या पापाला कुठला हे दिलेलं आहे. कुंभीपाकात उकळतं तेल, आणि तो कुणासाठी, तर जिवंत पशुपक्षी शिजवणाऱ्यासाठी. चित्रं भयंकर आहेत, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते की यातला एकपण नरक कायमचा नाही. स्वर्गाला जसा शेवट तसा नरकालाही. शिक्षा भोगली, हिशोब मिटला, परत जन्म. म्हणजे आपल्याकडचे नरक तुरुंगासारखे, सुटका ठरलेली. हे न सांगता नुसती चित्रं दाखवून पोरांना घाबरवणं हा अर्धाच धर्म सांगणं आहे.

आणि याहून वाईट एक प्रकार आमच्या घरात झाला. वडील शेवटचे चौदा महिने अंथरुणाला खिळून होते, पाठीला जखमा झाल्या, रात्र रात्र कण्हायचे. दहाव्याला आलेल्या नात्यातल्या एका माणसानं माझ्या भाचीसमोर म्हणलं, काय करणार, मागच्या जन्माचं इथंच फेडून गेले. समजूत घालायच्या सुरात म्हणलं, वाईट हेतू नव्हता. पण पोरगी आत जाऊन रडली, आणि रात्री मला विचारलं, "आजोबांनी असलं काय केलं होतं?"

कर्माच्या विचारातली ही खरी मेख आहे आणि ती झाकून पोरांना कर्म शिकवू नये. हा विचार एका प्रश्नाचं उत्तर चांगलं देतो, की एक पोर बंगल्यात जन्मतं आणि एक फुटपाथवर, हे का? एकच जन्म मानला तर याला जागा मिळत नाही, पूर्वजन्म मानला तर मिळते. पण तेच उत्तर उलटं फिरवलं की दुःखात असलेल्यालाच आरोपी करतं. ज्या छांदोग्यातली वर सांगितलेली चंद्राची सुंदर वाट आहे, त्याच्याच पुढच्या ओळींत आहे की चांगलं वागले ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या पोटी येतात आणि वाईट वागले ते कुत्रं, डुक्कर किंवा चांडाळाच्या पोटी. एका दमात कुत्रं, डुक्कर आणि माणूस. हे शतकानुशतकं लोकांच्या डोक्यावर मारलं गेलं. ज्या गावात शाहू महाराजांनी 1902 साली नोकऱ्यांत मागासलेल्यांना 50 टक्के जागा राखून ठेवल्या त्या गावात राहून आपण हे वाक्य पोरांपासून लपवायचं नाही आणि त्याची बाजूही घ्यायची नाही. महाराजांनी जर मानलं असतं की गरिबी ही मागच्या जन्माची फेड, तर हुकूम काढायचं कारणच नव्हतं.

भाचीला मी त्या रात्री एवढंच सांगितलं की ज्या गीतेत कर्म सांगितलंय त्याच गीतेत "गहना कर्मणो गतिः" असंही म्हणलंय, कर्माची चाल फार खोल आहे, सहजी समजणारी नाही. मग पाहुण्याला आजोबांच्या मागच्या जन्माचा उतारा कुठनं मिळाला? कर्माचा विचार कुणाला लावायचाच असंल तर स्वतःला लावावा, उद्या मी कसं वागायचं एवढ्यापुरता. दुसऱ्याच्या आजारपणाला, अपंगपणाला, जातीला लावला की तो धर्म राहत नाही, माणसाला मदत न करण्याची सोय होऊन बसते. शास्त्रानं बघितलं तरी तसं बोलायचा कुणाला अधिकार नाही, असं माझं ठाम मत आहे.

ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझी मैत्रीण मुसलमान आहे, ती म्हणती एकदाच जगायचं, मग हिशोब."

बरोबर म्हणती. इस्लाममध्ये आणि ख्रिश्चनांतही जन्म एकच. मुसलमानांच्या समजुतीत मेल्यावर बरझख नावाची मधली अवस्था, मग कयामतचा दिवस, सगळे परत उठवले जातात, प्रत्येकाच्या हातात त्याच्या आयुष्याची वही, आणि मग जन्नत किंवा जहन्नम. ख्रिश्चनही शेवटच्या दिवशी शरीरासकट उठणं मानतात, नुसता आत्मा नव्हे. आणि इथला स्वर्ग पाहुण्यांचा नाही, कायमचं घर आहे. आपल्या लोकांना यातला नरक फार क्रूर वाटतो, साठ-सत्तर वर्षांच्या चुकीला कायमची शिक्षा, आणि माझ्याही मनाला ते पटत नाही हे मी लपवत नाही. पण आतनं बघितलं तर त्यातही बारकावे आहेत, बहुतेक मुस्लिम विद्वान मानतात की ईमान असलेला पापी माणूस शिक्षा भोगून शेवटी जहन्नममधनं बाहेर काढला जातो, आणि कॅथलिकांत पर्गेटरी नावाची मधली जागा आहे जिथं शुद्ध होऊन माणूस पुढं स्वर्गातच जातो. शिवाय तिथं न्याय करणारा कुणीतरी आहे, त्याला दया येऊ शकते, माफी मागता येते. आणि जन्म एकच असल्यावर आजच्या दिवसाला जे वजन येतं ते "पुढच्या जन्मी बघू" म्हणणाऱ्याला येत नाही. कुणाला कमी लेखायचं कारणच नाही यात. त्यांचा मुख्य प्रश्न आहे न्याय कधी आणि कोण करणार.

आणि मोक्षाचा प्रश्न न्यायाचा नाहीच. तो प्रश्न असा आहे की समजा न्याय झाला, अगदी चोख झाला, चांगल्याचं चांगलं, वाईटाचं वाईट, आणि हे असंच फिरत राहिलं, तर? किती वेळा? परत बालपण, परत परीक्षा, परत आईबाप जळताना बघायचे, परत आपण जळायचं. कधीतरी माणूस म्हणंल की बास, मला बक्षीस नको आणि शिक्षाही नको, हे फिरणं थांबवा. त्या थांबण्याला मोक्ष म्हणलंय. म्हणून मोक्ष म्हणजे जास्त भारी स्वर्ग नाही. स्वर्गाला पुण्य लागतं, मोक्षाला पुण्यही संपावं लागतं, दोन्ही खाती शून्य.

भाचीचा चेहरा पडला. म्हणाली, "मग तिथं काहीच नाही? कंटाळवाणं वाटतंय."

हा प्रश्नही जुनाच, आणि याच्यावर आपल्याकडं एकमत अजिबात नाही. अद्वैतवाले म्हणतात मुक्त झालेला कुठं जातच नाही, घागर फुटली की आतलं आकाश बाहेरच्या आकाशात गेलं असं म्हणत नाही कुणी, ते आधीपासून एकच होतं. भक्तिमार्गात चार मुक्ती सांगतात, देवाच्या लोकात राहणं, देवाजवळ राहणं, देवासारखं रूप मिळणं आणि देवात मिसळणं, म्हणजे सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. फ्लेक्सवरचं वैकुंठ हे या पहिल्या तिघांतलं, इंद्राच्या स्वर्गाशी त्याचा संबंध नाही, तिथनं परत येणं नाही. बुद्धाला विचारलं की असा माणूस मेल्यावर असतो की नसतो, तर त्यांनी दोन्ही उत्तरं नाकारली, विझलेली आग पूर्वेला गेली की पश्चिमेला असं विचारण्यासारखं आहे ते, म्हणाले. आणि आपले तुकाराम, त्यांनी तर सरळ सांगितलं, न लगे मुक्ति धनसंपदा, संतसंग देई सदा, आणि शेवटी "गर्भवासी सुखें घालावें आम्हासी". घाल बाबा मला परत जन्माला, खुशाल घाल, फक्त नाम आणि संतांची संगत दे. आख्ख्या देशाचं तत्त्वज्ञान जन्म चुकवायच्या मागं लागलेलं असताना देहूचा एक वाणी म्हणतोय मला मोक्ष नको. वडील रोज सकाळी आंघोळीनंतर हाच अभंग म्हणायचे, हे मला ते गेल्यावर कळलं, म्हणजे ऐकत होतो चाळीस वर्षं पण शब्दांकडं लक्षच नव्हतं. भाचीला म्हणलं, तुझ्या आजोबांना विचारलं असतं कुठं जायचंय तर ते मोक्ष म्हणाले नसते.

"मग तुला काय वाटतं, मामा? खरं काय?"

म्हणलं मला माहीत नाही. माझा धीर त्या श्वेतकेतूच्या बापानं वाढवला हे कबूल करतो, एवढा मोठा माणूस "यातलं एकपण मला माहीत नाही" म्हणू शकतो तर मी कोण. पोरांना खोटं पक्कं उत्तर देण्यापेक्षा, कोण काय मानतं ते नीट सांगून "मला माहीत नाही" म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

"पण तो राजाकडं गेला की शिकायला. आपण कुणाकडं जायचं?"

म्हणून पुढच्या रविवारी तिला घेऊन गल्लीतल्या जैन आजींकडं गेलो. ऐंशीच्या पुढचं वय, रात्रीचं जेवण आयुष्यात नाही, तत्त्वार्थसूत्र पाठ. आमच्या कोल्हापूर भागात दिगंबर जैन घरं भरपूर, शेतीभाती करणारी, आमच्यासारखंच बोलणारी, पण मरणाच्या बाबतीत त्यांच्याएवढा काटेकोर हिशोब मी कुठं बघितला नाही. आजी म्हणाल्या नरक सात, एकाखाली एक, सातव्यात जास्तीत जास्त आयुष्य 33 सागर. आणि सगळ्यात वरच्या स्वर्गात? तिथंही 33 सागरच. भाचीनं सागर म्हणजे किती विचारलं तर आजींनी खड्ड्याची गोष्ट सांगितली, एक योजन लांब-रुंद-खोल खड्डा, केसाच्या अगदी बारीक तुकड्यांनी ठासून भरायचा, शंभर वर्षांनी एक तुकडा काढायचा, तो रिकामा व्हायला लागंल तो काळ, आणि सागर त्याच्याहून कितीतरी पट मोठा. "पण सरतो," आजी म्हणाल्या, "सागरपण सरतो." आणि वरच्या स्वर्गातल्या देवालाही तिथनं थेट मोक्ष नाही, त्याला आधी माणूस म्हणून यावं लागतं. तिथं न्याय करणारा देवही नाही, कर्म म्हणजे जीवाला चिकटणारी बारीक धूळच, आपण चिकटवून घ्यायची आणि आपणच झाडायची.

मग त्यांनी श्रेणिक राजाची गोष्ट सांगितली, इतिहासात ज्याला बिंबिसार म्हणतात तो मगधाचा राजा. त्यानं एकदा ध्यानाला बसलेल्या यशोधर मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकला, आणि तिथंच सातव्या नरकाचं 33 सागराचं आयुष्य बांधून घेतलं. राणी चेलना त्याला घेऊन मुनींकडं आली, साप काढला, मुंग्या झाडल्या. मुनींनी डोळे उघडले आणि दोघांना सारखाच आशीर्वाद दिला, ज्यानं साप टाकला त्याला आणि जिनं काढला तिला. राजा तिथं बदलला. पुढं महावीरांचा मोठा भक्त झाला. पण एकदा बांधलेलं नरकाचं आयुष्य पुसता येत नाही, कमी होऊ शकतं. ते कमी होत होत पहिल्या नरकातल्या 84 हजार वर्षांवर आलं. आणि ती भोगून झाल्यावर येणाऱ्या काळातला पहिला तीर्थंकर तोच होणार.

भाची पुढं सरकून बसली. "म्हणजे जो तीर्थंकर होणार आहे तो आत्ता..."

"नरकात हाय," आजी म्हणाल्या. "आत्ता, आपण बोलतोय तवर, तिथंच हाय तो."